निरोपाचा मेल ज्याचा त्याला लिहू द्या : आयटी कंपन्यांच्या एचआर विभागांना खुलं पत्र

प्रति,
पुणे-मुंबईतल्या आयटी कंपन्यांचे एचआर विभागप्रमुख,

स. न. वि. वि.

एका कंपनीने नुकताच एक नियम काढला. नाव घेत नाही, कारण तिच्या मागोमाग इतरही त्याच वाटेने निघाल्याचं दिसतंय. राजीनामा दिलेल्या माणसाने निरोपाचा मेल स्वतः लिहायचा नाही. पोर्टलवर तीन तयार मजकूर आहेत, त्यांतला एक निवडायचा, नाव आणि तारीख भरायची, मॅनेजरची मंजुरी आली की मेल सिस्टीमकडून जाणार. शेवटच्या दिवशी दुपारी १२ वाजता मेलबॉक्स बंद. तिन्ही मजकुरांत 'अविस्मरणीय प्रवास' आहे. तिन्हींत कंपनीच्या नेतृत्वाचे आभार आहेत. पुढे काय करणार याची ओळ एकातही नाही.

आम्ही हे पत्र लिहिणारे काही जण अंतर्गत संवादाचं काम करतो, काही जण टीम लीड आहोत. जाणाऱ्यांची निरोपाची पत्रं पाठवण्याआधी वाचून, दुरुस्त करून देणं हे आमच्याकडे आपोआप आलेलं काम आहे. आणि आज ना उद्या हा मेल आम्हालाही लिहायचा आहे. आमचा हितसंबंध एवढाच.

नियमामागची भीती आम्हाला समजते. रागाच्या भरात कुणी मॅनेजरचं नाव घेऊन लिहितो, कुणी क्लायंटचं नाव बाहेर काढतो, कुणी जाता जाता अर्धी टीम सोबत येण्याचं आमंत्रण देतो. हे तिन्ही प्रकार घडतात. पण तयार मजकुराने ते थांबत नाहीत. तो माणूस तेच व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लिहितो, आणि तिथे त्याला सावध करणारं कुणी नसतं. चांगला निरोपाचा मेल कसा लिहायचा हे शिकवता येतं. आपण ते शिकवण्याऐवजी लिहिणंच बंद केलंत, ही आमची मूळ तक्रार.

तर आधी तो मेल कसा बिघडतो आणि कसा सुधारतो ते एका उदाहरणावरून दाखवतो. उदाहरण रचलेलं आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य आम्ही कुठल्या ना कुठल्या मसुद्यात खोडलेलं आहे. असे मेल बहुतेक इंग्रजीतच जातात; इथे मजकूर मराठीत देतो. समजा, एक इंजिनिअर आहे, सहा वर्षं एका बँकेच्या सेटलमेंटच्या कामावर. म्हणजे दुकानदारांनी कार्डावर घेतलेले पैसे त्यांच्या खात्यात वेळेवर आणि बरोबर पोचले की नाही हे पाहणारी सिस्टीम. त्याचा पहिला मसुदा असा :

"मित्रहो, जड अंतःकरणाने कळवतो की आज माझा शेवटचा दिवस. सहा वर्षांच्या या प्रवासात बरेच चढउतार पाहिले. नोव्हेंबरात बँकेचं सेटलमेंट दोन दिवस बंद पडलं, तेव्हा माणसं कमी असूनही आपल्या नऊ जणांच्या टीमने जे केलं ते कधीच विसरणार नाही. सपोर्ट, क्यूए, डेव्हऑप्स, एचआर, सर्वांचे मनापासून आभार. लवकरच एका भन्नाट स्टार्टअपमध्ये दिसेन. ज्यांना रस असेल त्यांनी पिंग करा!"

वाचायला गोड आहे, आणि यात एकही वाईट हेतू नाही. तरीही पहिल्या ओळीपासून अडचणी आहेत. 'आज' हा शब्द घ्या. मेल सकाळी गेला, वाचणाऱ्याने संध्याकाळी उत्तर दिलं, तोवर मेलबॉक्स बंद. ज्यांचे आभार मानले त्यांचं उत्तर त्याला कधीच मिळत नाही. पुढची ओळ सगळ्यांत महाग आहे. बँकेचं सेटलमेंट बंद पडलं होतं ही माहिती क्लायंटची आहे. ती कराराने गोपनीय असते, आणि आभाराच्या ओळीतून फुटली तरी फुटलीच. टीम नऊ जणांची आहे हेही सांगून टाकलं. क्लायंटला कागदावर बारा दाखवले असतील तर काय होईल, याची कल्पना आपल्याला आहेच. 'माणसं कमी असूनही' ही तर सरळ टीका आहे, फक्त कौतुकाच्या कपड्यात. मग येते विभागांची यादी. सपोर्ट, क्यूए, डेव्हऑप्स असे आभार मानले की कुणाचेच मानले जात नाहीत, कारण वाचणाऱ्या कुणालाही ते आपल्यासाठी आहेत असं वाटत नाही. शेवटची ओळ आमंत्रणाची. ती नुसत्या उत्साहातून आली असेल, पण नोकरीच्या करारात सहकाऱ्यांना ओढून न नेण्याचं कलम असतं, आणि वकील या ओळीकडे पुरावा म्हणून बघेल.

आणि जे मुळात हवं होतं ते नाहीच. सोमवारपासून त्याचं काम कोण बघणार?

आता दुसरा मसुदा :

"नमस्कार. येत्या शुक्रवारी माझा कंपनीतला शेवटचा दिवस आहे. सहा वर्षं मी सेटलमेंटच्या कामावर होतो. महिनाअखेरीला ताळमेळ जुळत नसताना, शिफ्ट संपूनही लाइनवर थांबणाऱ्या सपोर्टच्या अमुक आणि अमुक यांचा मी आभारी आहे. क्यूएच्या अमुकने लिहिलेल्या टेस्ट केस इतक्या सुबोध असायच्या की नव्या माणसाला सिस्टीम समजावताना मी त्याच वाचायला देत असे. पेरोलच्या अमुकनी माझे टॅक्सचे प्रश्न दर मार्चला तितक्याच शांतपणे सोडवले. सोमवारपासून सेटलमेंटचे प्रश्न अमुक बघतील, रोजचे रिपोर्ट अमुककडे आहेत, आणि रनबुक टीमच्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे. थोडी सुट्टी घेऊन पुढेही पेमेंटच्याच क्षेत्रात काम करणार आहे. स्थिरावलो की कळवीन. माझा वैयक्तिक ईमेल आणि फोन खाली दिला आहे."

हा बराच बरा आहे, पण यातही एक खोच राहिली आहे. 'शिफ्ट संपूनही लाइनवर थांबणाऱ्या' ही ओळ पुन्हा वाचा. लिहिणाऱ्याच्या मनात कृतज्ञता आहे. वाचणाऱ्या डायरेक्टरला मात्र त्यात जादा तासांची कबुली दिसते. शिवाय ज्यांचं नाव घेतलं त्या दोघांनाच उद्या विचारणा होईल, की तुम्ही शिफ्टनंतर का थांबत होता, आणि कुणाच्या सांगण्यावरून. आभार मानून त्यांना अडचणीत आणायचं कशाला? म्हणून आम्ही ती ओळ अशी करतो : "तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी न कंटाळता लॉग काढून देणाऱ्या सपोर्टच्या अमुक आणि अमुक यांचा मी आभारी आहे." काम तेच, माणसं तीच, खोच गेली.

आभाराच्या ओळीची आमची कसोटी साधी आहे. त्यात माणसाचं नाव हवं, त्याने केलेली एक कृती हवी, आणि ती कृती त्याच्या नेहमीच्या कामातली हवी. संकटातली नको. संकटाचं वर्णन आलं की संकट कुणामुळे आलं हा प्रश्न पाठोपाठ येतो. 'सदैव मदतीला तत्पर' किंवा 'उत्तम टीम प्लेअर' असे गुण नकोत, ते कुणालाही चिकटतात. अशी चार ते सहा नावं पुरेत. त्यापुढे गेलं की यादी होते, आणि यादीत जो सुटतो त्याला लागतं. बाकीच्यांना एकेक ओळीचा वेगळा मेल पाठवावा. तो जास्त काळ जपला जातो.

टीका टाळायची म्हणून माणसं जे करतात त्यातूनही टीका होते. पाच जणांचे आभार मानले आणि स्वतःच्या मॅनेजरचं नावच नाही, तर अख्खा फ्लोअर त्या रिकाम्या जागेबद्दल बोलतो. नातं कडवट असेल तर खोटं कौतुक करावं असं आम्ही म्हणत नाही. घडलेली एक खरी, कोरडी गोष्ट लिहावी : "गेल्या वर्षी रिपोर्टचं काम अमुक यांनी माझ्याकडे सोपवलं, त्यातून मला बरंच शिकता आलं." तेवढ्याने भागतं. तसंच 'सगळं असूनही', 'निदान आमच्या टीममध्ये तरी', 'पूर्वीच्या काळी' हे शब्द दिसले की आम्ही थांबतो. पूर्वीचं चांगलं होतं म्हटलं की आताचं वाईट आहे हे न बोलता बोललं जातं.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत आणखी एक खड्डा आहे. 'गेले तीन महिने त्या खरेदीच्या व्यवहारासाठी माझ्याबरोबर राबलेल्या फायनान्स टीमचे आभार' अशी ओळ लिहिली, आणि तो व्यवहार अजून जाहीर झालेला नसला, तर ती सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांच्या कक्षेत जाणारी गोष्ट आहे. लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं. आपल्याला असतं. मग राजीनामा स्वीकारल्याच्या मेलमध्येच पाच ओळी का टाकत नाही : क्लायंटचं नाव नको, प्रोजेक्टचं सांकेतिक नाव नको, टीमचा आकडा नको, बंद पडलेल्या सिस्टीमचा उल्लेख नको, जाहीर न झालेलं काहीही नको? नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये हे सांगायला नव्वद दिवस मिळतात.

आता पुढच्या कामाच्या सूचक ओळीबद्दल. तीन तयार मजकुरांतून तीच नेमकी गाळलीत, म्हणून इथे जरा थांबतो.

मे २०२४ मध्ये इल्या सुतस्केव्हर यांनी ओपनएआय सोडताना केलेली पोस्ट पाहा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ज्या संचालक मंडळाने सीईओ सॅम ऑल्टमन यांना काढलं होतं, त्यात ते होते. ऑल्टमन काही दिवसांत परतले. त्यामुळे ही पोस्ट आली तेव्हा जग त्यात टीका शोधत होतं. त्यात ती नव्हती. जवळजवळ दहा वर्षांनी सोडतोय, सहकाऱ्यांची नावं, एकत्र काम करणं हा सन्मान होता, आणि शेवटी एवढंच, की पुढचं काम आपल्याला व्यक्तिशः फार मोलाचं वाटतं आणि तपशील योग्य वेळी सांगू. ती पोस्ट १४ मेची. १९ जूनला त्यांनी नवी कंपनी जाहीर केली. म्हणजे ती ओळ खरी होती, पुरेशी होती, आणि कुणालाही तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. आपल्या तयार मजकुरांतून मात्र ती लिहिताच आली नसती.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच महिन्यात बातमी फुटली की त्या कंपनीतून जाणाऱ्यांना कंपनीविरुद्ध न बोलण्याच्या करारावर सही करावी लागते, आणि न केल्यास आधीच मिळालेला शेअर्सचा हिस्सा जाण्याची धमकी कागदपत्रांत आहे. ऑल्टमन यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि कंपनीने ती अट मागे घेतली. पण त्यानंतर लोकांनी त्या कंपनीतून निघालेल्या जुन्या गोड पोस्टही नव्या नजरेने वाचल्या. मनापासूनचं कोणतं आणि भीतीपोटीचं कोणतं, हे सांगण्याची सोय उरली नाही. तयार मजकुराने आपण नेमकं हेच ओढवून घेताय. तीन साच्यांतून येणारं कौतुक तिसऱ्या मेलपासून कुणी वाचत नाही, आणि उद्या कुणी खरोखर मनापासून लिहिलं तरी तेही साच्यातलंच समजलं जाईल.

दुसऱ्या टोकालाही एक प्रसिद्ध पत्र आहे. २८ फेब्रुवारी २०१३ ला ग्रुपॉन कंपनीचे सीईओ अँड्र्यू मेसन यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की कुटुंबाला जास्त वेळ द्यायचं ठरवलंय, आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले की थट्टा केली, आज मला काढलं. ते लोकांना आवडलं, कारण त्यात इतर कुणाला दोष नव्हता. पण ते कंपनीचे संस्थापक होते. आपल्याकडच्या मध्यम फळीतल्या माणसाने असं लिहू नये असंच आम्ही सांगतो. ज्याची जागाच रद्द झाली त्याने 'माझी भूमिका या महिन्यात संपते आहे' एवढं सरळ लिहावं. 'नव्या संधीच्या शोधात स्वेच्छेने' असं खोटं लिहू नये, कारण नव्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आपल्याकडेच येतं, आणि तिथे कारण वेगळं निघालं तर त्रास त्यालाच होतो.

सूचक ओळीत दोन गोष्टी चालतात : दिशा आणि वेळ. 'पुढेही पेमेंटच्या क्षेत्रातच', 'जूननंतर कळवीन'. नव्या कंपनीचं नाव आम्ही रुजू होईपर्यंत लिहू देत नाही. ऑफर हातात असली तरी तपासणी बाकी असते, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाते, कधी ऑफरच मागे घेतली जाते, आणि मग जाहीर केलेलं नाव गळ्याशी येतं. 'जागा निघाल्या की कळवतो' हेही नको, कारण वर सांगितलं तेच.

इथे आपल्यातल्या काही जणांचं उत्तर आम्हाला माहीत आहे : 'पण प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार असेल तर? तसं न जाण्याचं कलम आहे.' भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ पाहा. व्यवसाय-नोकरी करण्यावर बंधन घालणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल असतो, आणि नोकरी सुटल्यानंतर लागू होणारी असली बंदी आपल्याकडची न्यायालयं सहसा मानत नाहीत. गोपनीयतेचं बंधन मात्र नोकरीनंतरही टिकतं. म्हणजे माणूस कुठे जातोय हे लपवायला लावण्यात फायदा नाही. तो काय घेऊन जातोय याकडे लक्ष द्या.

आता तांत्रिक बाजू. ती कंटाळवाणी आहे, पण निम्मा घोळ तिथेच होतो.

मेल कधी जावा? शेवटच्या दिवसाच्या दोन कामकाजी दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमारास. शुक्रवार शेवटचा असेल तर बुधवारी. म्हणजे गुरुवार उत्तरांसाठी मिळतो, आणि काम कुणाकडे गेलं याबद्दलच्या शंका माणूस जागेवर असतानाच निघतात. तो जाईपर्यंत कुणाला शंका येत नाही आणि गेल्यावर सगळ्यांना येतात, हे नेहमीचं. दोन दिवस आधी मेल गेला की ती वेळ पुढे ओढली जाते. लिंक्डइनवरची पोस्ट मात्र रिलिव्हिंग लेटर हातात आल्यावरच.

कुणाला जावा? अख्ख्या ऑफिसची डिस्ट्रिब्यूशन लिस्ट आपण बंद ठेवता ते बरोबर आहे. ज्याला कधी पाहिलंही नाही त्याचा निरोप चार हजार जणांनी वाचायची गरज नाही. पण टीमची आणि प्रोजेक्टची लिस्टही मंजुरीखाली ठेवली, आणि मंजुरी देणारा रजेवर असला, तर मेल अडकतो आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. मग माणसं नावं एकेक करून 'टू'मध्ये भरतात, कुणीतरी 'रिप्लाय ऑल' करतो आणि दीडशे जणांच्या इनबॉक्समध्ये दिवसभर 'ऑल द बेस्ट' पडत राहतं. उपाय सोपा आहे : 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता, बाकी सगळे बीसीसीत. याचा एक तोटा आहे. ज्यांनी लिस्टच्या नावावर फिल्टर लावलेत त्यांच्याकडे तो मेल भलत्या फोल्डरमध्ये जाऊ शकतो. तो आम्ही पत्करतो. क्लायंटच्या माणसांना या मेलमध्ये कधीच घेऊ नये. त्यांना वेगळा, तीन ओळींचा मेल, अकाउंट मॅनेजरला विचारून, आणि त्यात फक्त तारीख आणि नव्या माणसाचं नाव.

स्वतःच्या खासगी पत्त्यावर या मेलची प्रतही पाठवू नये, हे आम्ही प्रत्येकाला बजावतो. नोटीस पिरियडमधल्या माणसाच्या बाहेर जाणाऱ्या मेलवर जास्त बारीक नजर असते, आणि दोनशे शब्दांच्या निरोपापायी डेटा चोरीची चौकशी मागे लागायला नको. फोन नंबर वहीत उतरवून घ्यावेत. हास्यास्पद वाटतं, पण चालतं.

मेलबॉक्स बंद केल्यावर काय होतं हेही पाहा. खातं काढून टाकलं की क्लायंटने पाठवलेला मेल 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत जातो, आणि सहा वर्षं ज्याच्याशी व्यवहार केला तो माणूस एका रात्रीत नाहीसा झाला असं त्यांना वाटतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर तो मेलबॉक्स शेअर्ड करून ठेवता येतो. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्सही लागत नाही. त्यावर महिनाभर एक स्वयंचलित उत्तर ठेवा : अमुक आता इथे नाहीत, या कामासाठी तमुकशी संपर्क करा. आयटीचं पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी दोन तक्रारी थोडक्यात सांगतो, पण त्या लहान नाहीत.

निरोपाच्या मेलमध्ये टीका नसावी असं आम्हीही म्हणतो. कारण ती जागा टीकेची नाही. टीकेची जागा एक्झिट इंटरव्ह्यू आहे. पण अनेक ठिकाणी त्या मुलाखतीचा फॉर्म ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच मॅनेजरच्या मंजुरीसाठी जातो. मग कुणीच काही लिहीत नाही, 'चांगली संधी मिळाली' या पर्यायावर खूण करून मोकळा होतो. दोन्ही दारं बंद केलीत तर तिसरं दार ग्लासडोअरचं आहे, आणि तिथे नाव नसतं.

दुसरी तक्रार पैशाची. वेतन संहिता २०१९ च्या कलम १७ प्रमाणे राजीनामा देऊन गेलेल्याचं उरलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं आहे, आणि चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं आहे. तरी 'एफ अँड एफ पंचेचाळीस दिवसांनी' हे वाक्य ऑफबोर्डिंगच्या मेलमध्ये तसंच आहे. ज्याचे पैसे आणि रिलिव्हिंग लेटर आपल्याकडे अडकलंय, त्याने लिहिलेल्या कौतुकाला किंमत किती, हे आपणच ठरवा.

म्हणून आमच्या मागण्या या आहेत. तयार मजकूर ज्याला हवा त्याच्यासाठी राहू दे, सक्ती नको. काय लिहायचं नाही याच्या पाच ओळी राजीनामा स्वीकारतानाच लेखी द्या, आणि त्या पाळल्या असतील तर मॅनेजरची मंजुरी लागू नये. टीमच्या लिस्टवर मेल पाठवण्याची परवानगी शेवटच्या दिवसापर्यंत ठेवा. मेलबॉक्स शेवटच्या दिवशी दुपारी १२ ला नव्हे, ऑफिस सुटल्यावर बंद करा, आणि पुढे महिनाभर स्वयंचलित उत्तर ठेवा. ज्यांना काढलं जातं आणि त्याच तासात अ‍ॅक्सेस जातो, त्यांचा निरोप त्यांनी लिहून दिल्यास एचआरने त्यांच्या नावाने, एकही शब्द न बदलता पाठवावा. एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म मॅनेजरच्या साखळीबाहेर ठेवा. रिलिव्हिंग लेटर आणि देणी यांचा निरोपाच्या मजकुराशी किंवा बाहेरच्या पोस्टशी कसलाही संबंध जोडला जाणार नाही, हे धोरणात लिहा.

एक मागणी मेलच्या पलीकडची आहे. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीन आणि कॅब डेस्कवरची माणसं कंत्राटदाराची असतात, त्यांना कंपनीचा ईमेल नसतो. बरेच जण शेवटच्या परिच्छेदात त्यांचे आभार मानतात आणि ते त्यांच्यापर्यंत कधीच पोचत नाहीत. शेवटच्या दिवशी जाणाऱ्याचा बॅज दुपारीच काढून घेतला की तो पँट्रीत जाऊन त्या मावशींना भेटूही शकत नाही. सिक्युरिटीचा माणूस त्याला सरळ गेटपर्यंत सोडतो. बॅज संध्याकाळी गेटवर घ्या.

या महिनाअखेरीला ज्यांचा शेवटचा दिवस आहे त्यांच्यापासून हे सुरू करता येईल. त्यांचे मेल साधारण आठवडाभरात जातील. पाच ओळींचा मसुदा हवा असेल तर आम्ही लिहून देऊ.

आपले,
निरोपाची पत्रं तपासून देणारे काही सहकारी